तिघे जमले तरच उघडणारी तिजोरी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ज्यांचा बँकेत लॉकर आहे, त्यांना दोन किल्ल्यांचा अनुभव असेल. एक किल्ली आपल्याकडे, दुसरी बँकेकडे. दोन्ही लावल्या तरच लॉकर उघडतो. एकट्याला चोरी करता येत नाही, ही यातली सोय. पण आपली किल्ली हरवली की कुलूप फोडावे लागते, ही गैरसोय. सुरक्षितता वाढवायला जावे, तर अडचणही तेवढीच वाढते. आज मी तुम्हाला गणितातली एक अशी युक्ती सांगणार आहे, की जिच्यामुळे सुरक्षितता राहते आणि अडचणही येत नाही. मजा म्हणजे ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती शोधणाऱ्यांच्या मनात तिजोरी किंवा कुलूप असे काही नव्हते.

आपण एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातले एक जुने वाचनालय. त्याच्या तिजोरीत इमारतीची कागदपत्रे आहेत, काही हस्तलिखिते आहेत. समितीवर पाच जण आहेत: अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि ग्रंथपालबाई. त्यांनी असे ठरवले आहे, की पाचांपैकी कोणतेही तिघे एकत्र आले तर तिजोरी उघडावी. दोघेच आले तर मात्र उघडू नये. म्हणजे दोघे गावाला गेले, आजारी पडले, तरी काम अडत नाही. आणि दोघांच्या मनात पाप आले, तरी त्यांचे काही चालत नाही.

हे कुलपांनी करून पाहा. कोणतीही जोडी आली तरी उघडणार नाही असे निदान एक कुलूप हवे, आणि त्याची किल्ली उरलेल्या तिघांकडे हवी. पाच जणांच्या जोड्या होतात दहा. म्हणजे तिजोरीला दहा कुलपे, आणि प्रत्येकाच्या जुडग्यात सहा किल्ल्या! संयोगगणिताच्या एका पाठ्यपुस्तकात असेच उदाहरण आहे. अकरा शास्त्रज्ञ आहेत, सहा जमले तरच कपाट उघडायचे. उत्तर येते ४६२ कुलपे, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाकडे २५२ किल्ल्या. आदी शमीर या इस्रायली गणितज्ञांनी १९७९ साली या विषयावर एक छोटासा लेख लिहिला, त्यात सुरुवातीलाच हे उदाहरण दिले आणि मग त्यावरचा आपला उपाय सांगितला. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली या अमेरिकी गणितज्ञांनीही वेगळ्या मार्गाने हाच प्रश्न सोडवला. आज मी शमीर यांचा मार्ग सांगतो.

तिजोरीला एकच कुलूप ठेवू, आकड्याचे. आकडा शून्य ते शंभरमधला. समजा तो ५८ आहे. (खरी व्यवहारातली संख्या कितीतरी मोठी असते, पण तोंडी हिशेबाला ५८ बरी.) हा आकडा कोणालाही सांगायचा नाही. तो तोडून वाटायचाही नाही, कारण एखाद्याला ५ आणि दुसऱ्याला ८ दिला, तर प्रत्येकाला अर्धे गुपित कळलेच की!

त्याऐवजी एक नियम करायचा. ५८ मध्ये मनाने निवडलेल्या दोन संख्या जोडायच्या. समजा १२ आणि ५. नियम असा: ५८, अधिक क्रमांकाची १२ पट, अधिक क्रमांकाच्या वर्गाची ५ पट. अध्यक्षांचा क्रमांक १, त्यांना मिळाले ५८ अधिक १२ अधिक ५, म्हणजे ७५. उपाध्यक्षांचा क्रमांक २, त्यांना १०२. कार्यवाहांना १३९, खजिनदारांना १८६, ग्रंथपालबाईंना २४३. प्रत्येकाने आपली चिठ्ठी सांभाळायची. मूळ नियम लिहिलेला कागद जाळून टाकायचा.

अशा नियमाला गणितात बहुपदी म्हणतात. आलेखाच्या कागदावर काढली, तर ही बहुपदी म्हणजे एक वक्ररेषा, हवेत भिरकावलेल्या चेंडूच्या मार्गासारखी, फक्त उलटी. शाळेत आपण तिला अन्वस्त म्हणत होतो. पाच जणांच्या चिठ्ठ्या म्हणजे त्या रेषेवरचे पाच बिंदू. आणि गुपित? गुपित म्हणजे क्रमांक शून्यपाशी त्या रेषेची उंची. म्हणूनच शून्य क्रमांक कोणाला द्यायचा नाही.

आता एक दिवस अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार जमले. क्रमांक १, ३ आणि ४. चिठ्ठ्या ७५, १३९ आणि १८६. या तीन बिंदूंतून जाणारी रेषा त्यांना पुन्हा उभी करायची आहे. तीन समीकरणे मांडून ती सोडवता येतील, पण एक फार सुरेख वाट आहे. एडवर्ड वेअरिंग या इंग्रज गणितज्ञाने ती १७७९ साली छापली, आणि जोसेफ लुई लाग्रांजने १७९५ साली पॅरिसमधल्या आपल्या व्याख्यानांत ती मांडली. नाव मात्र लाग्रांजचेच पडले. त्या काळी कोष्टकातल्या दोन नोंदींच्या मधली किंमत काढायची, हे या रीतीचे काम होते. त्याला अंतर्वेशन म्हणतात.

कल्पना अशी. समजा, एका खोलीत तीन दिवे आहेत. प्रत्येक दिव्याला आपापले बटण आहे. पहिले बटण दाबले की पहिलाच दिवा लागतो, बाकीचे दोन अजिबात लागत नाहीत. असे असेल तर कोणता दिवा किती उजळवायचा, हे प्रत्येक बटणापुरते वेगवेगळे ठरवता येते. एकाला हात लावला म्हणून दुसरा बिघडत नाही. लाग्रांजची रीत म्हणजे अशी बटणे तयार करणे. प्रत्येक क्रमांकासाठी एक बहुपदी अशी बनवायची, की ती आपल्या क्रमांकापाशी १ असेल आणि बाकीच्या क्रमांकांपाशी शून्य.

अध्यक्षांचे बटण करू. ते ३ आणि ४ पाशी शून्य हवे. हे तर अगदी सोपे आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यातून एकदा ३ वजा करा, एकदा ४ वजा करा, आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा. संख्या ३ असेल तर पहिली वजाबाकी शून्य, म्हणजे गुणाकार शून्य. संख्या ४ असेल तर दुसरी वजाबाकी शून्य. मग १ पाशी काय येते? उणे २ गुणिले उणे ३, म्हणजे ६. आपल्याला १ हवे होते, म्हणून सगळ्याला ६ ने भागा. झाले बटण तयार. कागदावर ते असे दिसेल:

(क्ष − ३)(क्ष − ४) ÷ ६

आपल्याला शून्यापाशी ते किती आहे, एवढेच हवे. उणे ३ गुणिले उणे ४, म्हणजे १२. भागिले ६, म्हणजे २. हा झाला अध्यक्षांचा भार.

कार्यवाहांचे बटण १ आणि ४ पाशी शून्य हवे. १ वजा करा, ४ वजा करा, गुणा. ३ पाशी येते २ गुणिले उणे १, म्हणजे उणे २, त्याने भागा. शून्यापाशी उणे १ गुणिले उणे ४, म्हणजे ४. भागिले उणे २. कार्यवाहांचा भार उणे २. खजिनदारांचे बटण १ आणि ३ पाशी शून्य. ४ पाशी ३ गुणिले १, म्हणजे ३. शून्यापाशी उणे १ गुणिले उणे ३, तेही ३. भार १.

आता प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या भाराने गुणायची आणि बेरीज करायची. ७५ ची दुप्पट १५०. त्यातून १३९ ची दुप्पट, २७८ वजा. मग १८६ मिळवा. १५० उणे २७८ अधिक १८६. उत्तर ५८. तिजोरी उघडली!

हे बरोबर का येते, ते पाहू. पहिले बटण ७५ पट, दुसरे १३९ पट, तिसरे १८६ पट करून तिघांची बेरीज केली, की एक नवी बहुपदी मिळते. क्रमांक १ पाशी तिची किंमत किती? तिथे दुसरे आणि तिसरे बटण गप्प आहेत, फक्त पहिले बोलते, म्हणजे ७५. क्रमांक ३ पाशी फक्त दुसरे बोलते, म्हणजे १३९. क्रमांक ४ पाशी १८६. म्हणजे ही रेषा तिन्ही बिंदूंतून जाते. पण अशी दुसरी एखादी असली तर? नसते. समजा दोन वेगळ्या असल्या, तर त्यांची वजाबाकी तीन ठिकाणी शून्य होईल. आणि वर्गापर्यंतची बहुपदी पूर्ण शून्य नसेल, तर ती जास्तीत जास्त दोनच ठिकाणी शून्य होऊ शकते. म्हणून जी सापडली तीच मूळची.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, २, उणे २ आणि १ हे भार चिठ्ठ्यांतल्या आकड्यांवर अवलंबून नाहीत. कोण हजर आहे एवढ्यावरच ते ठरतात. त्यामुळे प्रत्येक त्रिकुटाचे भार आधीच काढून भिंतीवर लावले तरी चालतील, त्यात गुपित काहीच नाही. दुसरी, भारांची बेरीज नेहमी १ येते. सगळ्यांच्या चिठ्ठीत एकच आकडा असता, तर उत्तरही तोच आकडा यायला हवे ना! बेरीज १ आली नाही, तर समजावे की हिशेबात कुठेतरी चूक झाली.

आता खरी परीक्षा. फक्त अध्यक्ष आणि कार्यवाह जमले, तर त्यांना खरेच काही कळत नाही का? आता केलेल्या मांडणीत, दुर्दैवाने, बरेच कळते. त्यांच्या चिठ्ठ्या ७५ आणि १३९. फरक ६४. त्यांना एवढे माहीत आहे, की नियमातल्या दोन गुप्त संख्या पूर्ण आणि धन आहेत. दुसऱ्या संख्येच्या जागी १, २, ३ असे घालून पाहिले, की सातापर्यंतच जमते. आठ घातले की पहिली संख्या शून्य होते. त्यातून तिजोरीचा आकडा ४६, ४९, ५२, ५५, ५८, ६१ किंवा ६४ यांपैकीच असला पाहिजे, असे निघते. एकशे एक शक्यतांवरून आपण सातांवर आलो. सात वेळा कुलूप फिरवायला दोन मिनिटे पुरतात.

यावर शमीर यांनी वापरलेला उपाय म्हणजे घड्याळाचे अंकगणित. घड्याळात दहानंतर पाच तासांनी पंधरा वाजत नाहीत, तीन वाजतात. बारा झाले की आपण पुन्हा पहिल्यापासून मोजतो. आपण १०१ तासांचे घड्याळ घेऊ. १०१ झाले की शून्य. मग ७५ तसेच राहतात, १०२ चे होतात १, १३९ चे ३८, १८६ चे ८५, आणि २४३ चे ४१. याच झाल्या नव्या चिठ्ठ्या. रीत तीच, भार तेच. ७५ ची दुप्पट १५०, उणे ३८ ची दुप्पट ७६, अधिक ८५. येतात १५९. त्यातून १०१ गेले, राहिले ५८.

आता ते दोघे पुन्हा बसू देत. त्यांना एवढेच काढता येते: १५० उणे ७६, म्हणजे ७४, अधिक खजिनदारांची चिठ्ठी. आणि खजिनदारांची चिठ्ठी शून्य ते शंभरमधली कोणतीही असू शकते. ती एकाने बदलली, की उत्तरही एकाने बदलते. म्हणजे एकशे एकही उत्तरे शक्य, आणि नियमातल्या संख्या खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडल्या असतील, तर सगळी सारखीच शक्य. चिठ्ठी हाती नसलेल्या परक्या माणसाइतकेच त्या दोघांना माहीत असते. इथे कोणी कितीही वेगवान संगणक आणला तरी उपयोग नाही, कारण शोधायला काही शिल्लकच नाही.

१०१ च का, शंभर का नाही? कारण भार काढताना भागाकार करावा लागतो. उपाध्यक्ष, खजिनदार आणि ग्रंथपालबाई आल्या, म्हणजे २, ४ आणि ५, तर उपाध्यक्षांचा भार येतो १० भागिले ३. घड्याळात अपूर्णांक नसतात. पण १०१ च्या घड्याळात ३ ला ३४ ने गुणले की १०२, म्हणजे १ येतो. म्हणून ३ ने भागणे म्हणजे ३४ ने गुणणे. १० गुणिले ३४ होतात ३४०, घड्याळात ३७. तसेच खजिनदारांचा भार उणे ५, आणि बाईंचा ७०. बेरीज १०२, म्हणजे १. पडताळा जुळला! १०१ ही मूळ संख्या असल्यामुळे शून्य सोडून प्रत्येक संख्येने असा भागाकार करता येतो. शंभरात २ ला कशानेही गुणा, १ कधीच येणार नाही, आणि हिशेब तिथेच अडकेल.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. समजा खजिनदार खोटे बोलले. चिठ्ठी ८५ ची, त्यांनी सांगितले ९०. त्यांचा भार १ आहे, म्हणून उत्तर पाचाने चुकेल, येतील ६३. तिजोरी उघडणार नाही, सगळे हिरमुसून घरी जातील. खजिनदार मात्र मनात ५ वजा करतील आणि रात्री एकटेच येऊन ५८ लावतील. तिघेच जमले असतील, तर ही लबाडी हिशेबातून ओळखता येत नाही, कारण कोणत्याही तीन आकड्यांतून एक रेषा जातेच.

चौथा माणूस आला की चित्र बदलते. उपाध्यक्षांची चिठ्ठी १ ची. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि कार्यवाह यांचे भार ३, उणे ३ आणि १. उत्तर २६०, घड्याळात ५८. एका त्रिकुटाचे ५८, दुसऱ्याचे ६३. म्हणजे कोणीतरी चुकले आहे हे कळले. कोण, ते अजून कळले नाही. पाचवी चिठ्ठी आली, की तेही कळते. खजिनदारांना वगळून होणारी चारही त्रिकुटे एकच उत्तर देतात, ५८. इतर कोणालाही वगळले तर असे जमत नाही. लबाड सापडला.

पण हे एकच जण खोटा असेल तर. दोघांनी संगनमत केले तर काय होते, ते ऐका. खजिनदार आणि ग्रंथपालबाईंनी ठरवले, की कार्यवाहांवर आळ आणायचा. त्यांनी तीच लाग्रांजची युक्ती वापरली. संख्येतून १ वजा करा, २ वजा करा, गुणा. हे अध्यक्षांपाशी आणि उपाध्यक्षांपाशी शून्य आहे. खजिनदारांपाशी ३ गुणिले २, म्हणजे ६. बाईंपाशी ४ गुणिले ३, म्हणजे १२. खजिनदारांनी आपल्या चिठ्ठीत ६ मिळवून ९१ सांगितले, बाईंनी १२ मिळवून ५३. आता अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि बाई, चौघांच्या चिठ्ठ्या एका नव्या रेषेवर अचूक बसतात, आणि तिचे गुपित निघते ६०. एकट्या कार्यवाहांची चिठ्ठी बसत नाही. समिती म्हणणार, कार्यवाह खोटे! आणि हे करायला त्या दोघांना इतर कोणाची चिठ्ठी माहीत असण्याचीही गरज पडली नाही.

म्हणून व्यवहारात नुसता आकडा देऊन भागत नाही. चिठ्ठ्या वाटणारा प्रत्येक चिठ्ठीवर अशी खूण करतो, की आकडा बदलला तर ती खूण जुळू नये. आपल्या वाचनालयात ती सही-शिक्क्याची चिठ्ठी असेल, संगणकात डिजिटल सही असेल. रेषा गुपित राखते. चिठ्ठी खरी आहे की नाही, याची हमी वेगळी घ्यावी लागते.

घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलात, तर एक हिशेब करून पाहा. उपाध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपालबाई जमल्या आहेत. क्रमांक २, ३ आणि ५. खऱ्या चिठ्ठ्या १, ३८ आणि ४१. तिघांची बटणे तयार करा, शून्यापाशी त्यांचे भार काढा. ते येतील ५, उणे ५ आणि १. बेरीज उणे १४४ आली म्हणून दचकू नका. घड्याळाचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे २०२, मिळवा, आणि तिजोरी उघडा.